रुपया आज पडतो, पाहुणा पुढच्या हिवाळ्यात येतो

डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली आणि एक जुनं वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं : रुपया पडला तर पडू द्या, पर्यटन तरी वाढेल. हे वाक्य अर्धं खरं आहे. त्यात ‘कधी’ आणि ‘कोणाचं’ हे दोन शब्द नाहीत. डहाणू-तलासरीत पर्यटनावर पोट असलेल्या माणसाला नेमके तेच दोन शब्द हवे असतात.

गंजाडपासून सुरुवात करू. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून युरोपातल्या कलादालनात नेलं, तेव्हापासून डहाणू तालुक्याच्या या भागात परदेशी पाहुणे येत आले आहेत. संख्या मोठी नाही, पण एका पाहुण्याने घेतलेलं चित्र एका घराचा महिना सोपा करतं. समजा, एका चित्रकाराने चित्राची किंमत 3,000 रुपये ठेवली आहे. डॉलर 54 रुपयांना असताना ते चित्र पाहुण्याला साधारण 55 डॉलरला पडत होतं. डॉलर 68 ला गेला की तेच चित्र 44 डॉलरला पडतं. पाहुण्याचे अकरा डॉलर वाचले. चित्रकाराला मिळाले तेच 3,000.

आता हाच व्यवहार देशाच्या बाजूने बघा. पूर्वी चार चित्रं विकली की सुमारे 222 डॉलर देशात यायचे. आता तेवढे डॉलर आणायला पाच चित्रं विकावी लागतात. पाचवं चित्र विकत घेणारा पाहुणा आलाच नाही, तर रुपया पडल्याने पर्यटनातून येणारे डॉलर वाढत नाहीत, घटतात. सगळी गोष्ट या पाचव्या चित्राची आहे. स्वस्ताई त्याच दिवशी होते, पण पाचवं गिऱ्हाईक त्या दिवशी डहाणू रोड स्टेशनावर उतरत नाही.

हे देशाच्या आकड्यांत स्पष्ट दिसलं ते 2013 साली. मे महिन्यात डॉलर 55 च्या आसपास होता. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैशाचा ओघ आखडता घेण्याचे संकेत दिले आणि 28 ऑगस्टला रुपया 68 च्याही पलीकडे घसरला. वर्ष संपल्यावर पर्यटन खात्याचा अंदाज आला : परदेशी पाहुण्यांकडून मिळालेलं उत्पन्न 2012 च्या सुमारे 94 हजार 500 कोटी रुपयांवरून 1 लाख 7 हजार 700 कोटींवर गेलं. म्हणजे चौदा टक्के वाढ. बातमीही तशीच सजली.

डॉलरमध्ये मोजलं की ही वाढ चार टक्क्यांवर येते, 17.7 अब्जांवरून 18.4 अब्ज. उरलेली दहा टक्के वाढ एकाही पाहुण्याने आणलेली नाही. ती निव्वळ विनिमय दराची सूज आहे. पाहुणे सुमारे 65.8 लाखांवरून 69.7 लाख झाले, म्हणजे जवळपास सहा टक्के. डोकी सहा टक्क्यांनी वाढली आणि डॉलर चार टक्क्यांनी, याचा अर्थ दर डोई डॉलर किंचित कमीच आले. चार चित्रांचं गणित देशपातळीवर असं उतरलं. तरी चौदा टक्क्यांचा आकडा मिरवायचा आणि चारचा तळटीपेत टाकायचा, याला मी फसवणूक म्हणतो.

खरी हालचाल दिसली ती 2014 मध्ये. रुपयाची सरासरी तोवर फारशी आणखी पडली नव्हती, पण पाहुणे सुमारे 76.8 लाखांवर गेले, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढले, आणि डॉलरचं उत्पन्नही जवळजवळ तेवढंच वाढलं. पडझड 2013 च्या उन्हाळा-पावसाळ्यातली, पाहुण्यांची वाढ पुढच्या वर्षातली. सगळी वाढ रुपयामुळे झाली असं मी म्हणणार नाही. जगभरातलाच प्रवास त्या वर्षी वाढत होता, आणि नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस विमानतळावरची इलेक्ट्रॉनिक व्हिसाची सोयही सुरू झाली. पण क्रम बघण्यासारखा आहे : आधी रुपयांचा आकडा फुगतो, डोकी मागून येतात.

इतका उशीर का? कारण परदेशी पाहुणा किंमत बघून निघत नाही, त्याने कधीच ठरवलेलं असतं. आपल्याकडे त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्या हंगामाचे दर हॉटेलं आणि परदेशातले टूर ऑपरेटर कित्येक महिने आधी ठरवतात, करार होतात, सहलींची पत्रकं निघतात, आगाऊ रकमा भरल्या जातात. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया तळाला गेला तेव्हा त्या हिवाळ्याचे बरेचसे करार झालेले होते. नवी किंमत नव्या करारातच शिरते, आणि तो पुढच्या हंगामाचा असतो. शिवाय विमानाचं तिकीट रुपया पडल्याने त्याला स्वस्त होत नाही. तिकीट तो त्याच्या चलनात घेतो आणि विमानाचं इंधन डॉलरमध्ये येतं. म्हणजे प्रवासखर्चाचा मोठा तुकडा जागचा हलतच नाही. स्वस्त होतं ते इथे उतरल्यावरचं : टॅक्सी, जेवण, चित्र. म्हणून पहिला बदल पाहुण्यांच्या संख्येत नव्हे, आलेल्यांच्या खरेदीत दिसायला हवा. तो ज्याला बघायचा असेल त्याने मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात जाऊ नये, गंजाडच्या ओटीवर बसावं.

मोठी हॉटेलं परदेशी पाहुण्याला डॉलरमध्ये दर सांगत आली आहेत. दोनशे डॉलरची खोली 55 च्या दराने 11,000 रुपये देते आणि 65 च्या दराने 13,000. पाहुण्याला एका पैशाचीही स्वस्ताई मिळत नाही, तर तो जास्त संख्येने का येईल? इथे पडलेल्या रुपयाचा फायदा करार बदलेपर्यंत हॉटेलच्या गल्ल्यात थांबतो. उलट रुपयांत दर सांगणारा चित्रकार पहिल्याच दिवशी सगळी सूट देऊन मोकळा होतो. त्याचं चित्र मधला व्यापारी इथून रुपयांत उचलून परदेशात डॉलरने विकत असेल, तर ती सूट पाहुण्यालाही मिळत नाही, व्यापाऱ्याला मिळते. रुपयाच्या घसरणीने कोणाचं भलं झालं, हे माणूस कोणत्या चलनात बोलतो यावर ठरतं. डहाणूतले बहुतेक रुपयांत बोलतात.

दुसरी बाजू याहून कडक आहे. पाहुण्याला यायला वर्ष लागतं, खर्चाला महिनाही लागत नाही. देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो, आणि व्यावसायिक सिलिंडरचा दर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलला जातो. तलासरीच्या महामार्गावर ढाबा चालवणाऱ्याला रुपयाची घसरण आधी सिलिंडरमध्ये भेटते. 2013 मध्ये तर त्या जानेवारीपासून डिझेलही दरमहा थोडं थोडं वाढवायला सुरुवात झाली होती, आणि रुपया पडत गेला तशी तेल कंपन्यांची तूट वाढत गेली. बोर्डी-घोलवडच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने देणाऱ्याचंही तेच. आजच्या मोहोराचा चिकू उतरवायला आठ-दहा महिने थांबावं लागतं हे त्याला माहीत आहे. पाहुण्याच्या बाबतीतही तो थांबेल. पण मधले महिने त्याने वाढलेल्या खर्चावर काढायचे, हे कोणी त्याला सांगत नाही.

मग देशी पाहुण्याचं काय? परदेश महागला की मुंबईकर बँकॉक सोडून बोर्डीला येतील, ही आशा इथे नेहमी बोलली जाते. 2013 चा आकडा तिच्या विरोधात आहे. त्या वर्षी परदेशी गेलेले भारतीय कमी झाले नाहीत, 2012 च्या 1.49 कोटींवरून 1.66 कोटींवर गेले. उत्पन्न वाढत असलं की माणूस परदेशवारी सहसा रद्द करत नाही. दिवस कमी करतो, जवळचा देश निवडतो, खरेदीला हात आखडतो. आणि बोर्डीला गर्दी वाढलीच तर ती रुपयाच्या खात्यावर मांडताना सांभाळून. 16 एप्रिल 2013 ला मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. त्याच वर्षी रुपयाही पडला. त्यानंतर आलेल्या कुटुंबाला इथे कोणी आणलं, लोकलने की डॉलरने? दर पाहुण्याला कुठून आलात, कसे आलात, बुकिंग कधी केलंत, एवढे तीन प्रश्न विचारून वहीत लिहिल्याशिवाय ते सांगता येत नाही. यासाठी मोठा अभ्यासगट नको, घरमालकाची वही पुरते. जिल्ह्याने अशा वह्या एकत्र केल्या तर पालघरला स्वतःचा आकडा मिळेल आणि दिल्लीच्या टक्क्यांवर अवलंबून राहावं लागणार नाही.

पाहुण्याचं चलन पडलं तरी उशीर चुकत नाही, हे गोव्याने बघितलं. 2014 च्या मध्यावर डॉलरला 34 च्या आसपास असलेला रूबल 16 डिसेंबरला काही काळ 80 पर्यंत कोसळला. तरी त्या वर्षाच्या हिशेबात भारतात आलेले रशियन आदल्या वर्षीपेक्षा जास्तच भरले, सुमारे 2.7 लाख. विमानाच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. खरा खड्डा 2015 मध्ये दिसला, जेव्हा आकडा पावणेदोन लाखांच्या घरात उतरला. डिसेंबर 2014 च्या आकड्यांवर विसंबून ज्याने नव्या हंगामाची उधारी काढली, त्याला वर्षाच्या बेरजेने दगा दिला.

आता नव्वदीपारच्या रुपयाकडे. त्याचा परिणाम शोधायचा तर 2026-27 च्या हिवाळ्यात शोधावा. तोवर येणाऱ्या प्रत्येक ‘विक्रमी उत्पन्ना’च्या बातमीत डॉलरचा आकडा वेगळा मागावा. डहाणूतल्या चित्रकारांच्या गटांनी परदेशी मागणीचे भाव आत्ताच डॉलरमध्ये लिहून द्यावेत, निदान ज्या मागणीचा माल सहा महिन्यांनी जायचा आहे तिचे तरी. पाहुण्याला सूट द्यायचीच असेल तर ती आपण ठरवून द्यावी, दोनऐवजी तीन चित्रं घेणाऱ्याला. आणि तलासरीच्या ढाबेवाल्याने डॉलरचा दर रोज बघण्याऐवजी दर महिन्याची पहिली तारीख बघावी. त्याच्यापर्यंत रुपया त्याच दिवशी पोचतो.