खुंटांचे व्यवस्थापन : इच्छुक उमेदवारांसाठी मार्गदर्शन

तीन दिवस दाढी न केलेला पुरुष आणि तीन दिवसांची दाढी ‘ठेवलेला’ पुरुष यांत फरक असतो, आणि तो प्रथमदर्शनी आत्याला दिसत नाही. “काय रे, बरं नाही का?” असे तिने विचारले, तर समजावे की काम कच्चे आहे. “हे काय नवीन खूळ?” असे विचारले, तर उमेदवार उत्तीर्ण. आळशीपणाला कोणी खूळ म्हणत नाही. खुळामागे मेहनत दिसावी लागते.

ही मेहनत प्रामुख्याने मिलिमीटरांची आहे. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते. खुंट शोभतात ते बहुतेकांना २ ते ४ मिलिमीटरच्या दरम्यान. त्याखाली गेल्यास रेझर हरवला असावा असे वाटते आणि वर गेल्यास त्याला दाढीच म्हणावे लागते. म्हणजे शोभेचा काळ जेमतेम पाच-सहा दिवसांचा.

समजा, रविवारी अकरा वाजता मुलगी पाहायला जायचे आहे आणि चेहऱ्यावर साधारण ३ मिलिमीटर हवे आहेत. नवखा माणूस रविवारी सकाळी ट्रिमर हातात घेतो. मग एका गालावर चुकलेला हात दुरुस्त करायला दुसरा गाल, आणि तो सावरायला पुन्हा पहिला, असे करत दहापर्यंत तो गुळगुळीत होतो. जाणकार मात्र शुक्रवारी सकाळीच २ वर कापतो. दोन दिवसांत पाऊण मिलिमीटर भर पडते, कापल्याचा ताजेपणा ओसरतो, आणि एखादी चूक झालीच असेल तर तीही बुजते. रविवारी फक्त मान साफ करायची.

ट्रिमरच्या चाकावरचा आकडा मात्र तपासून घ्यावा. काही यंत्रांवर तो मिलिमीटर असतो, काहींवर नुसता टप्प्याचा क्रमांक, त्यामुळे ‘३’ म्हणजे ३ मिलिमीटरच असे नाही. माहितीपत्रक वाचावे (हे पुरुषांना सांगणे जिवावर येते, पण इलाज नाही). नवीन यंत्र असेल तर सुरुवात मोठ्या आकड्यापासून करावी. राहिलेले केस नंतर कापता येतात.

दाढी धुवावी, पण कोरडी करूनच कापावी. ओले केस चेहऱ्याला चिकटून पडतात आणि पात्याखालून निसटतात. वाळल्यावर ते उभे राहतात आणि आपली खरी लांबी जाहीर करतात. मग बोटाने गाल चोळून पाहावा. ज्या दिशेने बोट खरखरते, ती केसांच्या उलटी दिशा, आणि ट्रिमर तिकडेच न्यायचा. सुलट नेला तर केस त्याच्या कंगव्याखाली लवतात आणि लांब राहतात. गालावर हे सोपे आहे, कारण तिथले केस बहुतांशी खाली वळलेले असतात. मानेवर मात्र केस कुठे आडवे, कुठे वर, कुठे भोवऱ्यासारखे गोल फिरतात. एका दिशेने ट्रिमर फिरवून सुटका मानणाऱ्याच्या मानेवर हमखास एक गडद पट्टा राहतो, आणि तो दिव्याखाली बसल्यावरच दिसतो. तिथे वरून, खालून, दोन्ही बाजूंनी फिरवावे. कंगवा त्वचेला सपाट टेकलेला हवा. तो कलला की आकड्याला अर्थ उरत नाही. दाबूही नये, घाईही करू नये.

मिशी अर्धा मिलिमीटर कमी ठेवावी. नाकाखालचे केस दाट असतात, म्हणून समान लांबीतही ते जास्त काळे दिसतात आणि माणूस मिशीवाला वाटतो. हनुवटीचेही पुष्कळांना असेच होते.

खरी परीक्षा सीमेची. मानेची रेषा कंठमण्याच्या वर दोन बोटांवर घ्यावी आणि तिथून दोन्ही कानांमागे वळवावी. तिच्या खालचे सगळे रेझरने साफ. पुष्कळजण उत्साहाच्या भरात ही रेषा थेट जबड्यावर आणतात. आरशात मान वर केलेली असते, तेव्हा ते झकास दिसते. मान खाली घातली की जबडा संपतो कुठे आणि गळा सुरू होतो कुठे याचा पत्ता लागत नाही. गालावर उलट हात आखडता घ्यावा. वरचे चुकार केस तेवढे काढावेत, पट्टी धरून रेघ मारू नये. नियोजन दिसावे, पण आराखडा दिसू नये.

गालावर मुळात टक्कल असेल, तर मोठी लांबी वाईट. विरळ जागा २ मिलिमीटरवर खपतात, ४ वर बोभाटा करतात. तेवढ्यानेही भागत नसेल, तर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करावी आणि हे शास्त्र सोडून द्यावे.

शेवटी, कंगवा काढून ब्रशने केस झटकावेत, पात्यावर तेलाचा थेंब सोडावा. बोथट पाते केस कापत नाही, ओढते. बॅटरी संपत आली तरी तसेच होते, म्हणून आदल्या रात्री चार्ज करावी. आणि बेसिन धुवावे. तिथे पडलेले केस दुसऱ्याला दिसले, तर त्यांना ‘डिझायनर खुंट’ म्हणण्याची घरात कोणाची तयारी नसते.