दोन तासांची मीटिंग

निवृत्त माणसाला वेळ पुरत नाही, हे नोकरीतल्या लोकांना खरं वाटत नाही. आमच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वेगवेगळ्या शाखांच्या तपासणीत काढली, म्हणून त्यांना सगळे ऑडिटरसाहेबच म्हणतात. जिन्यात भेटले की ते नेहमी कुठून तरी येत असतात किंवा कुठे तरी निघालेले असतात, आणि दोन्ही वेळा त्यांना उशीर झालेला असतो. गेल्या वर्षी एकदा काकू वैतागून म्हणाल्या, ‘‘अहो, जगाची खाती तपासलीत, आता जरा स्वतःचं तपासा.’’ साहेबांनी ते मनावर घेतलं. तपासणी म्हटल्यावर त्यांना कसला तरी हुरूपच येतो.

काम सोपं होतं. आठवड्याला, महिन्याला ठरल्यासारखी येणारी जी बांधिलकी आहे तिची यादी करायची, प्रत्येकीला लागणारा वेळ लिहायचा, तिच्यातून मिळतं काय ते ठरवायचं, आणि तळाशी जे उरेल ते काढून टाकायचं. यादीत आठ गोष्टी आल्या. सकाळची टेकडी, सोसायटीचं सचिवपद, बाराजणांची भिशी, नातवाला बुद्धिबळाच्या क्लासला नेणं, मिरजेच्या थोरल्या बहिणीला दर मंगळवारी फोन, शनिवारचं वाचनालय, पेन्शनरांच्या संघटनेची बैठक आणि संकष्टीला देवळात जाणं.

वेळेचे आकडे त्यांनी आधी आठवून लिहिले. सोसायटीची कमिटी महिन्यातून एकदा बसते, दोन तास. म्हणजे वर्षाचे चोवीस. मग त्यांना स्वतःचाच धंदा आठवला: शाखेच्या मॅनेजरने तोंडी सांगितलेली शिल्लक त्यांनी कधी खरी धरली होती? पीटर ड्रकरने १९६७ सालच्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’मध्ये हेच बजावलं आहे. वेळेची नोंद जेव्हाच्या तेव्हा करा, स्मरणावर विसंबू नका. साहेबांनी लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायला लागले. महिनाही विचार करून निवडला. आठवडाभराच्या नोंदीत भिशी आणि संकष्टी सापडत नाहीत. गणपतीचा किंवा दिवाळीचा महिना घेतला तर दुसरं काहीच सापडत नाही. फेब्रुवारी सरळ होता.

महिनाअखेर वही बोलली. कमिटीची बैठक दोनच तासांची होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण बैठकीचं इतिवृत्त लिहायला एक सकाळ गेली होती. टँकरवाल्याचे फोन, गच्चीची गळती बघायला आलेल्या माणसाबरोबर वर जाणं, पार्किंगवरून भांडलेल्या दोघांचं वेगवेगळं आणि मग एकत्र ऐकून घेणं, देखभालीचे पैसे थकवणाऱ्याला लिफ्टपाशी गाठणं, हे सगळं जमेस धरलं तर आठवड्याला पाच तास होत होते. वर्षाचे दोनशे साठ. आठवून लिहिलेल्या आकड्याच्या दसपटीहून जास्त!

नातवाच्या क्लासचंही तसंच निघालं. क्लास तासाभराचाच, आठवड्यातून दोनदा. पण त्याला शोधून चप्पल घालायला लावण्यापासून ते परतताना ठरलेला उसाचा रस पाजण्यापर्यंत दर खेपेला दोन तास मोडत होते. पेन्शनरांची बैठक दोन तासांची आणि जाण्यायेण्याची बस आणखी दोन तासांची. टेकडीवर चालणं अर्धा तास, आणि चाललेलं जिरवायला खालच्या हॉटेलात चहा एक तास. लोक वेळेचा हिशेब करताना चुकतात ते इथे. ते कार्यक्रम मोजतात. त्याची तयारी, वाट आणि मागची आवराआवर मोजत नाहीत. वेळ खातात ते हेच तिघं.

तास कळले, पण त्यांचं मोल ठरवायला बसल्यावर साहेब अडले. दहापैकी गुण द्यायचे ठरवले, तर सगळ्यांना सात आणि आठ! आयुष्यभर ‘समाधानकारक’ हा शेरा मारलेल्या हाताला चार द्यायला जमेना. बहिणीला आठ दिले तर संकष्टीला सात तरी द्यायलाच हवेत, देव काय म्हणेल? असे गुण असले की क्रम लागत नाही. मग त्यांनी मला बोलावलं. मी सुचवलं की गुण देऊच नका, दोन-दोनची जोडी लावा आणि एवढंच विचारा, यातलं एकच ठेवायचं तर कुठलं ठेवाल? आठ गोष्टींच्या अठ्ठावीस जोड्या होतात. जेवणाच्या टेबलावर चहाच्या दोन फेऱ्यांत उरकलं. माणूस मोघम गुण देताना भिडस्त असतो. दोघांतला एक निवडा म्हटलं की पटकन खरं बोलतो. भिशी की बहीण? ‘‘हे काय विचारणं झालं?’’ असं म्हणत त्यांनी भिशीवर काट मारलीसुद्धा.

एका ठिकाणी मात्र गाडी गोल फिरली. वाचनालयापेक्षा पेन्शनरांची संघटना बरी, संघटनेपेक्षा टेकडी बरी, आणि टेकडीपेक्षा वाचनालय बरं! साहेब क्षणभर दचकले, खात्यात मेळ न लागणारी रक्कम सापडावी तसे. पण त्यात चूक नव्हती, माप बदललं होतं. पहिल्या जोडीत ते माणसांचा विचार करत होते, दुसरीत गुडघ्यांचा आणि तिसरीत पुस्तकांचा. असं चक्र सापडलं की समजायचं, आपण एकाच फूटपट्टीने मोजत नाही आहोत. मग आधी फूटपट्टी ठरवावी लागते. साहेबांनी ठरवली: ‘हे बंद झालं तर सहा महिन्यांनी मला काय चुकचुकेल?’ तेवढ्याने चक्र सुटलं. टेकडी वर गेली, पण तीही चहासाठी.

मग त्यांना बँकेचा मोह झाला. मिळकत भागिले तास, म्हणजे तासामागे लाभ किती, असा त्यांनी कोष्टकात आणखी एक रकाना पाडला. बहिणीचा फोन लगेच पहिला आला. वीस मिनिटांचा, वर्षाचे जेमतेम सतरा तास, आणि त्यावर मंगळवार अख्खा चांगला जातो. नातवाचा क्लास, वर्षाचे दोनशे तास खाणारा, थेट तळाला गेला. कोष्टकाचं सरळ म्हणणं होतं की क्लास बंद करा आणि वाचलेल्या वेळात बहिणीला फोन करा. ‘‘आठवड्याला चार तास फोन केलात तर वन्सं नंबर बदलतील,’’ काकू आतून म्हणाल्या. अर्थशास्त्राची जाडी पुस्तकं हेच सांगायला एक प्रकरण खर्च करतात. फोनची किंमत तो वीस मिनिटांत संपतो म्हणूनही आहे. भागाकारात छोट्या गोष्टी नेहमी मोठ्या दिसतात, त्यामुळे ठेवायचं काय हे त्यावरून ठरवू नये. आणि क्लासच्या त्या दोनशे तासांत क्लासचा वाटा फार थोडा होता. रसाच्या गुऱ्हाळापर्यंतच्या रस्त्यावर नातू जे बोलतो ते घरी बोलत नाही. साहेबांच्या वहीत तिथे फक्त ‘परत’ असं लिहिलं होतं.

काकूंचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते वहीबद्दलच होतं. ‘‘माझी यादी करायची झाली तर त्याला वही पुरायची नाही. आणि लिहू कधी?’’ सरकारसुद्धा अशी पाहणी करतं. देशभरची पहिली २०१९ साली झाली, दुसरी २०२४ साली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण, आणि एका खणात दोन कामं आली तर त्यातलं मुख्य कोणतं तेही नोंदवायचं. २०२४च्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. साहेबांनी हे वाचून दाखवलं तेव्हा काकू कुकरची शिट्टी मोजत फोनवर दूधवाल्याशी बोलत होत्या. त्या खणातलं मुख्य काम कोणतं, हे त्यांनी आम्हालाच ठरवायला सांगितलं. आम्ही विषय बदलला.

आता काढायचं काय? जोड्यांच्या क्रमात तळाला भिशी होती. पण ती मध्येच सोडता येत नाही. साहेबांनी तिसऱ्याच महिन्याला रक्कम उचलली होती, आता बाराजणांची फेरी पुरी होईपर्यंत हप्ता भरणं आलं. तिच्या वर पेन्शनरांची संघटना. ती काढायला ते तयारही झाले, पण टेकडीवरचे चारपैकी तीन दोस्त संघटनेतलेच निघाले. बैठकीला जायचं बंद केलं तर चहाच्या टेबलावर बोलायला अर्धे विषय कमी. कोष्टकात ओळी वेगवेगळ्या असल्या तरी जगण्यात त्या एकमेकींना टेकून असतात, आणि एखादी ओढून काढायच्या आधी तिच्यावर कोण टेकलंय ते बघावं लागतं.

गंमत अशी की काढण्यासारखी गोष्ट तळाला नव्हतीच. ती मधोमध बसली होती, चौथ्या नंबरावर, कोणाच्या डोळ्यांवर न येता. सोसायटीचं सचिवपद. मान होता, उपयोग होता, लोक विचारत होते. जोड्यांमध्ये ते बऱ्यापैकी जिंकलं होतं. ड्रकरचाच एक प्रश्न इथे कामाला आला: हे काम अजिबात झालंच नाही तर काय बिघडेल? टँकर आला नाही तर पुष्कळ बिघडेल, हे साहेबांना मान्य होतं. पण तो साहेबांनीच बोलवायला हवा का? तिसऱ्या मजल्यावरचा संगणकवाला तरुण हे काम घरातून, मोबाइलवर, जेवता जेवता करू शकला असता. साहेबांनी मग स्वतःला विचारलं की आज हे पद माझ्याकडे नसतं आणि कोणी देऊ केलं असतं, तर घेतलं असतं का? उत्तर इतकं झटकन आलं की त्यांनी ते मोठ्याने सांगितलंच नाही.

पद सोडणंही लगेच जमत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा राजीनामा तिथे ठेवला. तोपर्यंत तरुणाला हळूहळू बरोबर फिरवलं. सुटलेल्या पाच तासांचा हिशेब मात्र त्यांच्या अपेक्षेसारखा लागला नाही. सलग असा एक रविवारचा सकाळचा तुकडा हाती आला, तोच काय तो उपयोगाचा. बाकी सगळी दहा-दहा मिनिटांची चिल्लर होती, दिवसभर विखुरलेली, आणि ती मोबाइलने कधी गिळली ते वहीलाही कळलं नाही. रविवारच्या तुकड्यात ते नातवाकडून बुद्धिबळ शिकायला लागले आहेत आणि सपाटून हरतात.

नव्या सचिवाचं काम झकास चाललं आहे. फक्त गच्चीच्या कंत्राटाची फाइल कुठे, पाण्याच्या टाकीची जुनी पावती कोणाकडे, अमुक सभासदाची थकबाकी कधीपासूनची, असले फोन त्याला अधूनमधून करावे लागतात. साहेबांनी वहीत ‘माजी सचिव’ म्हणून नवा रकाना पाडला आहे. तिथे सध्या आठवड्याला दीड तास भरतो.