बारा नेट, सहा कॉक आणि माझी अडतीस पानं

आमच्या कंपनीच्या प्रस्तावाचं पहिलं पान म्हणजे कारखान्याचा फोटो. दुसऱ्या पानावर संचालकांचा संदेश, तिसऱ्यावर प्रमाणपत्रं, चौथ्यावर संचालक एक प्रमाणपत्र स्वीकारताना. वस्तूला सुरुवात होते सातव्या पानावर, आणि मग ती थांबतच नाही. ठिबक सिंचन आपोआप चालवणारं यंत्र मी विकतो. त्याची वैशिष्ट्यं सत्तावीस. ती मला तोंडपाठ आहेत, हाच माझ्या दुःखाचा उगम.

देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन जोरात चालतं. मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बियाणं इथं तयार होतं आणि जवळच्या जालन्याच्या कंपन्यांकडं जातं. काम नाजूक असतं. टोमॅटोसारख्या पिकात मादी झाडावरची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग तिला लावायचे. याला इकडं सगळे क्रॉसिंग म्हणतात, आणि ते बहुतेक बायाच करतात. अशा शेतकऱ्यांच्या एका गटानं मला बोलावलं. एकाच शेततळ्यावर आणि एकाच मोटरवर त्यांची बारा नेट होती, प्रत्येक दहा गुंठ्यांचं. म्हणजे एकूण तीन एकर.

पहिल्या भेटीत मी बरा वागलो. बांधावर बसून मी डायरीत सगळं उतरवून घेतलं. शेतीच्या विजेचं वेळापत्रक फिरतं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोटरला ऑटो बसवलेला आहे, लाइट आली की ती आपोआप सुरू होते. पण कॉक हातानं फिरवावे लागतात. एका कॉकवर दोन नेट, असे सहा कॉक, प्रत्येकाला चाळीस मिनिटं पाणी. म्हणजे चार तासांचं काम आणि दर चाळीस मिनिटांनी अंधारात एक फेरी. गटाच्या हिशोबाच्या काकू म्हणाल्या, "आमच्या पोराला रात्री तिकडं पाठवायला जीव होत नाही. मागं साप निघाला होता." हे वाक्य मी डायरीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग डायरी बॅगेत टाकली आणि कार्यालयाकडून आलेली अडतीस पानांची फाइल उघडून तिच्यात गटाचं नाव घातलं. जालन्याला जाऊन रंगीत छपाई केली, स्पायरल बाइंडिंग केलं, वर पारदर्शक आवरण लावलं. येताना मला वाटत होतं की, हे पाहून गट आधी माझा सत्कार करील आणि नंतर सह्या.

सादरीकरणाच्या दिवशी मी सत्तावीस वैशिष्ट्यं एकेक करून वाचत गेलो. बहुवाहिनी नियंत्रण. क्लाउडवर माहितीचा साठा. धूळ आणि पाण्यापासून संरक्षण. "वाऱ्याचा वेग मोजणारा संवेदक," असं म्हटल्यावर मागून एक भाऊ शांतपणे म्हणाले, "नेटच्या आत वारा मोजून काय करता?" मी म्हणालो की तो मोफत आहे. तो मोफत नव्हता; एकूण किमतीत होता, आणि हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं, बहुधा माझ्या आधी.

अकराव्या पानावर "आपल्या ऊस पिकासाठी खास" असं छापलेलं निघालं. आधीच्या गिऱ्हाइकाचा ऊस पुसायचा राहून गेला होता. गटातल्या अण्णांनी चष्मा वर करून विचारलं, "आमच्या नेटमध्ये ऊस लावायचा का आता?"

यावर सगळे हसले, मीही हसलो, आणि वाटलं, सुटलो. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "भाऊ, रात्री शेतात कोण जाईल, ते कोणत्या पानावर आहे?"

मी पानं उलटू लागलो. उत्तर होतं, तेविसाव्या पानावर, चौदाव्या क्रमांकाला: जीएसएम आधारित स्वयंचलित अनुक्रमिक झडप-नियंत्रण.

"म्हणजे?"

"म्हणजे... सहाही कॉक आपोआप एकामागून एक उघडतील. कोणाला जावं लागणार नाही."

"मग तसं लिहा ना," काकू म्हणाल्या.

कागद परत घेऊन मी निघालो. बालाजीच्या देवळाजवळ चहा घेताना डायरी काढली, तर दोन रेघांचं ते वाक्य माझ्याकडं बघत होतं. प्रश्न डायरीत होता आणि उत्तर तेविसाव्या पानावर. त्यांची भेट घालून देणं हे माझं काम होतं, आणि ते सोडून मी बाइंडिंग करत बसलो होतो.

माझं दुखणं जुनंच आहे, हे पुढं कळलं. नील रॅकहॅम यांच्या मंडळींनी हजारो विक्रीभेटींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1988 मध्ये आलं. त्यात एक फरक मांडलेला आहे, तो मला पगार कापून शिकवायला हवा होता. वस्तूमध्ये काय आहे, ते वैशिष्ट्य. त्यानं कोणाचं तरी भलं होऊ शकतं, ही आपली कल्पना. आणि समोरच्यानं स्वतःच्या तोंडानं जी गरज सांगितली ती भागते, हा खरा लाभ. मोठ्या व्यवहारात हा तिसरा प्रकार कामाला येतो. पहिल्याची लांबलचक यादी गिऱ्हाइकाचं लक्ष किमतीकडं वळवते. माझ्या वाऱ्याच्या संवेदकानं नेमकं तेच केलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी डायरीतून सुरुवात केली. त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत डाव्या बाजूला लिहिली. क्रम लावताना आमच्या यंत्रात भारी काय आहे हे पाहिलं नाही; कोणती गोष्ट ते पुन्हा पुन्हा बोलले आणि ती बिघडली तर कोणाचं नुकसान होतं, हे पाहिलं. रात्रीची फेरी पहिली आली. तिच्यासमोर चार गोष्टी लिहायच्या होत्या: आज काय होतं, उद्या काय होईल, ते कशामुळं होईल, आणि झालं की नाही हे तुम्ही कसं ओळखाल. शेवटच्या गोष्टीला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. आता लिहिलं: "सकाळी फोनवर सहा ओळींचा संदेश येईल, कोणता कॉक किती मिनिटं उघडा होता त्याचा. पहिले आठ दिवस तुम्ही स्वतः घड्याळ लावून पडताळा. फरक निघाला तर आमचा माणूस येईल."

लिहिता लिहिता आणखी एक वाक्य आठवलं. अण्णा म्हणाले होते, "मधेच लाइट गेली की सगळा घोळ होतो; कोणत्या नेटला पाणी झालं आणि कोणाचं राहिलं, सकाळी भांडणं." यंत्रात याचं उत्तर होतं. माझ्या जुन्या यादीत ते "नॉन-व्होलाटाइल मेमरी" या नावानं अज्ञातवासात पडलेलं होतं. आता तिथं आलं: "चौथा कॉक अर्ध्यावर असताना लाइट गेली, तर परत आल्यावर यंत्र चौथ्याची उरलेली वीस मिनिटं पूर्ण करून मगच पाचव्याकडं जाईल."

काही वैशिष्ट्यांना डाव्या बाजूला वाक्यच सापडेना. नियम सोपा ठेवला: ज्याच्यासमोर त्यांचं वाक्य नाही, ते कागदावर नाही आणि किमतीतही नाही. सत्तावीसमधली सहा उरली. कारखान्याचा फोटो काढताना हात थरथरला.

उलटही झालं, आणि ते जास्त झोंबलं. एका वाक्यासमोर आमच्याकडं काहीच नव्हतं. बोअरचं पाणी तळ्यात सोडतात, ते क्षाराचं; ड्रिपरची तोंडं पांढरी पडतात, लॅटरलच्या शेवटच्या झाडांना पाणी कमी जातं. यंत्र कॉक वेळेवर उघडेल, पण तोंड बंद झालेल्या ड्रिपरमधून पाणी कसं येईल? त्यावर आम्लाची प्रक्रिया करावी लागते, फिल्टर वेळेवर धुवावे लागतात. आम्ही एवढंच करू शकत होतो की, पाण्याचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मोटर बंद होईल आणि फोन वाजेल. तसंच लिहिलं: "क्षाराचा इलाज आमच्याकडं नाही." आमचे साहेब फोनवर म्हणाले, "आपल्याकडं काय नाही ते कुणी लिहितं का?" मी म्हणालो, नाही लिहिलं तर पुढच्या हंगामात कडेची झाडं सुकतील आणि नाव यंत्राचं खराब होईल. साहेबांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. ही त्यांची संमतीची पद्धत आहे, असं मी सोयीनं धरून चाललो.

सांगितलेली प्रत्येक गरज जशीच्या तशी घ्यायची नसते, हे मात्र मला काकूंनीच दाखवलं. गटानं म्हटलं होतं, "सगळं मोबाइलवर दिसलं पाहिजे." मी आनंदानं सगळे तक्ते आणि आलेख त्या वाक्यासमोर मांडणार होतो. किंमत लिहायच्या आधी नुसती डावी बाजू त्यांना वाचून दाखवली, आणि तिथं काकूंनी विचारलं, "कोणाच्या मोबाइलवर?" तर पाण्याचं बघणाऱ्या मामांकडं बटणांचा फोन. त्यांना आलेख नको होता. गडबड झाली तर घंटी हवी होती. मोबाइलवर दिसणारं शेजारच्या गावात कोणीतरी बसवलं होतं म्हणून ते वाक्य आलेलं. एका प्रश्नानं किंमत खाली आली आणि माझं कमिशनही.

शेवटचं वाक्य पैशाचं होतं. बियाणं कंपनी माल घेते, पण हिशोब उगवण आणि शुद्धतेच्या चाचण्यांनंतर. नमुन्याचं बियाणं लावून त्याची झाडं वाढवून बघतात; ती शुद्ध निघाली तर पैसे. त्याला महिने लागतात. आमच्या अटी छापील होत्या: संपूर्ण रक्कम तीस दिवसांत. ती अट यंत्राच्या कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठी अडचण होती, आणि प्रस्तावात ती सर्वांत बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर होती. ती वर आणली. अर्धी रक्कम बसवताना, अर्धी त्यांचा हिशोब झाल्यावर, असं मी मागितलं. कार्यालयानं दुसऱ्या हप्त्याला शेवटची तारीख घालून ते मान्य केलं. काकूंनी ती तारीख आणखी पुढं ढकलून घेतली. मी मध्ये पडलो नाही.

नवा प्रस्ताव चार पानांचा झाला. त्यांनी बाराऐवजी आधी चार नेटवर, म्हणजे दोन कॉकवर, यंत्र घेतलं. हंगाम बघून बाकीचं ठरवू म्हणाले. म्हणजे रात्रीच्या सहा फेऱ्यांतल्या चार शिल्लक राहिल्या, आणि माझं महिन्याचं उद्दिष्टही.

कार्यालयाला मात्र चार पानं भलतीच आवडली. "हीच पद्धत सगळीकडं," असं साहेबांनी कळवलं आणि माझी फाइल नमुना म्हणून सगळ्या जिल्ह्यांना पाठवून दिली. कालच नाशिककडच्या आमच्या माणसाचा फोन आला. एका द्राक्षबागायतदारानं त्याला विचारलंय, की आमच्या मळ्यात हे मामा कोण, आणि त्यांच्या बटणांच्या फोनची काळजी आम्ही का घ्यायची.