‘छंद? छान. भावंडं किती?’

कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलामुलीला ‘जरा बोला’ म्हणून गच्चीत धाडतात आणि तिथे खातेनिहाय चौकशी सुरू होते. शिक्षण? नोकरी कुठे? छंद? ती म्हणते, ‘ट्रेकिंग.’ तो ‘छान’ म्हणतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो: ‘भावंडं किती?’ वास्तविक गाडी ‘ट्रेकिंग’पाशीच थांबायला हवी होती. ‘पावसात जाता की थंडीत?’ याचं उत्तर एका शब्दात आटोपतं. ‘पहिला गड कसा चढलात?’ याला मात्र गोष्टच सांगावी लागते. त्या गोष्टीत बुटाचा तळवा निघाला, की पुढचा प्रश्न बुटाचा. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: झटपट ओळख-भेटींत जे उत्तराचा धागा धरून पुढचं विचारत, त्यांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त मिळे.

कुणी म्हणेल, वीस मिनिटांत बुटाची चौकशी करायची की पगाराची? अहो, पगार बायोडेटात छापलेला असतो, मामांनी तो परस्पर पडताळलेलाही असतो. दुसरा आक्षेप अधिक खरा: ओळीने तीन खुले प्रश्न आले की तीही उलटतपासणीच, आणि ‘का गेलात?’ म्हटलं की जाब विचारल्यासारखं वाटतं. म्हणून मध्येच स्वतःचं काहीतरी सांगावं: ‘मी सिंहगडावर गाडीनेच जातो, पिठलं-भाकरीसाठी.’ यावरही समोरून एकही प्रश्न आला नाही, तर नकार मिळाला असं समजून खाली यावं.