भोंगा काढला तेव्हा

लालबागच्या चाळीतली ती छोटी फिल्म. पहिल्याच दृश्यात पहाटे गिरणीचा भोंगा होतो, नायक दाराकडे मान वर करतो, बायको डबा बांधून देते. चौथ्या दृश्यात त्याच दिवशी तो सावकाराला सांगतो, ‘संपाला सहा महिने झाले.’ शूटिंग उरकल्यावर कुणीतरी हळूच विचारलं, ‘१८ जानेवारी १९८२ ला संप लागला, मग जुलैत भोंगा कुठल्या गिरणीचा?’

पुन्हा शूट करावं, तर खोली पुनर्विकासासाठी रिकामी झालेली. सावकाराचं वाक्य उडवावं, तर कर्जाला कारणच उरत नाही. पहिल्या दृश्यावर ‘सहा महिन्यांपूर्वी’ अशी पाटी टाकावी, तर नायकाच्या अंगठ्याला दोन्हीकडे तीच चिंधी. सहा महिने न भरणारी जखम म्हणजे वेगळीच फिल्म झाली असती. पाटीवर माझा जीव होता खरा. फाळक्यांनी दादरला केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा पडद्यावर बोलायचं काम पाट्यांकडेच तर होतं!

मग एडिटिंगला बसून आम्ही आवाज बंद करून दृश्य पाहिलं. चित्रात भोंगा नव्हताच! तो नंतर चढवलेला. होता फक्त एक माणूस, दाराकडे पाहून किंचित हसणारा. डबा बांधताना बायको पाठमोरी होती, ती वळेपर्यंत जेमतेम चार सेकंद. ओठ दिसत नाहीत, म्हणजे तिच्या तोंडी काहीही घालता येणार. तेवढ्यात नवं वाक्य बसवायचं होतं.

भोंगा काढला आणि त्याच्या पोटात लपलेला, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा पिपाणीसारखा हॉर्न उघडा पडला. १९८२ सालात! शूटिंगच्या रात्री ध्वनिवाल्याने रिकाम्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टेप केली होती. तिचाच तुकडा तिथे जोडला. शांततेलाही ठिगळ लागतं आणि ते त्याच खोलीचं असावं लागतं. परक्या खोलीची शांतता कानाला लगेच कळते.

वाक्य मी लिहिलं, ‘भोंगा बंद, गेट बंद, डबा तेवढा उघडा.’ स्वतःवरच खूश झालो. डबिंगला आलेल्या बाई म्हणाल्या, ‘पहाटे चूल पेटवून उभी असलेली बाई असं बोलेल होय?’ आणि माइकसमोर सहज म्हणाल्या, ‘गेटवर बसणारच आहात, तर डबा न्या.’ चार सेकंदांत मावलं, वर श्वासाला जागा उरली.

त्या एका वाक्याने पुढचं सगळं जागच्या जागी फिरलं. परळच्या गिरणीच्या भिंतीशी नायक डबा खातो, ते दृश्य आम्ही मधल्या सुट्टीचं म्हणून घेतलं होतं. एकही फ्रेम न बदलता ते आता बंद गेटसमोरचं झालं. त्याची ती मान वर करण्याची नजर आता बायकोला दिलेलं उत्तर वाटू लागली.

नायकाचं काम करणाऱ्या काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पूर्ण झालेली फिल्म पाहून ते म्हणाले, ‘अरे, मी तर भोंगा ऐकून बघितलं होतं.’

‘काका,’ दिग्दर्शक म्हणाला, ‘ऐकू येतोय तो.’