गटार आहे, माणूस नाही

‘विषय : पूर्ण केलेल्या आरसीसी गटाराच्या कामाचे देयक मिळणेबाबत.’ एका उपकंत्राटदाराचं हे पत्र परवा वाचायला मिळालं. मजकूर नेहमीचाच. १८० मीटर गटार बांधलं, काम होऊन दोन पावसाळे गेले, मूळ कंत्राटदार म्हणतो, ‘सरकारकडून आले की देतो’, तरी मेहेरबान साहेबांनी लक्ष घालावे. खाली ‘आपला विश्वासू’. एवढं झाल्यावरही विश्वास शिल्लक राहिलेला हा बहुधा शेवटचा माणूस असावा.

पत्राला उत्तर आलं हे विशेष. ‘आपण सदर कामाचे कंत्राटदार असल्याचे या कार्यालयाच्या अभिलेखावरून दिसून येत नाही.’

आता यात कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. करारनामा ज्याच्याशी, पैसे त्यालाच. उपकंत्राटदाराचा करार मूळ कंत्राटदाराशी. कार्यालयाशी त्याचं नातं शून्य. मोजमाप पुस्तिकेत गटाराची लांबी आहे, रुंदी आहे, खोली आहे, लोखंडाचं वजन आहे, शाखा अभियंत्यांची सही आहे. ते ज्याने बांधलं तो नाही. गटार स्वयंभू असावं. देवळातल्या पिंडीसारखं जमिनीतून वर आलं आणि साहेबांनी फक्त टेप लावून मोजलं.

मात्र हे न दिसणं कामाच्या वेळी नव्हतं. तेव्हा साहेबांचा फोन मूळ कंत्राटदाराला जायचाच नाही, थेट याला यायचा. ‘अरे, उद्या मोठे साहेब येतायत, तेवढा राडारोडा उचल.’ काँक्रीटचे ठोकळे तपासणीला पाठवायचे, हा. पाहणीच्या दिवशी चहा कुणी आणायचा, हा. काम संपून पहिल्या पावसात एक जाळी खचली, त्यात दुचाकीचं चाक अडकलं, तेव्हा रात्री फोन कुणाला? यालाच. दोषदायित्वाची मुदत चालू आहे म्हणून सांगितलं आणि याने पदरच्या पैशांनी जाळी बदलून दिली. म्हणजे खचलेल्या जाळीपुरता हा अभिलेखावर होता. बिल आलं तसा पुसला गेला.

याचं कारण साधं आहे आणि ते त्या कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक आहे. लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला द्यायचं नाही, असं करारातच लिहिलेलं असतं. परवानगी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. मग या माणसाला ओळख दाखवायची तर आधी मान्य करावं लागेल की मूळ कंत्राटदाराने अट मोडली, आणि ती मोडताना आम्ही शेजारी उभे राहून टेप धरत होतो. म्हणजे या बिचाऱ्याने पैशांसाठी लिहिलेलं पत्र हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब! कार्यालयाने तो ‘उचित कार्यवाहीस्तव’ कुणाकडे पाठवावा? मूळ कंत्राटदाराकडे. त्याचा फोन त्याच संध्याकाळी आला. ‘माझंच बिल निधीअभावी अडकलंय, आणि तू मला काळ्या यादीत घालायला निघालास?’

आणि आता चेष्टा पुरे. याच सरकारचं दुसरं एक खातं आहे, त्याला हा माणूस लख्ख दिसतो. याने मूळ कंत्राटदाराला ८ लाख ४० हजारांचं बिल दिलं, त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ५१ हजार २०० रुपये जीएसटी. पैसे आले की नाही हे कर विचारत नाही. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत विवरणपत्र. खडी-सिमेंटवर भरलेला कर वजा करून उरलेली रक्कम याने बायकोच्या बांगड्या गहाण टाकून भरली. उशीर झाला असता तर वर्षाला १८ टक्के व्याज. सरकारी पैसा याच्याकडे अडकला तर व्याज आणि याचा पैसा सरकारी गटारात अडकला तर ‘दिसून येत नाही’? लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्या असा कायदा २००६ सालचा आहे म्हणे. तो घेऊन वकिलाकडे गेला, तर बांधकामाची कंत्राटं त्यात बसतात का, यावरच कोर्टात वाद निघतो हे कळलं. वकिलाने सल्ल्याची फी मात्र रोख घेतली. निधीअभावी त्याचं काही अडलेलं नव्हतं.

यावर उपकंत्राटदाराने दुसरं पत्र लिहिलंय. देयकाचा उल्लेखच नाही. ‘मी सदर काम केलेले नसल्याने, त्या कामावरील माझ्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आपल्या आवारात पडून आहेत, त्या परत मिळाव्यात.’ कारकुनाने रजिस्टर काढून पाहिलं. प्लेटांची नोंद चोख सापडली : ‘बेवारस साहित्य’. न्यायच्या असतील तर मालकीचा पुरावा आणि मूळ कंत्राटदाराचं ना-हरकत पत्र जोडा, असं त्याला सांगण्यात आलं आहे.