जिव्हाळा मोफत, परतावा नाही

कोथरूडच्या पाळणाघरात मूल घरच्यासारखं असतं. आगाऊ फी मात्र सासरी पाठवलेली, तिला माहेर नाही. समजा, महिना ९,००० रुपयांप्रमाणे एप्रिल ते जूनचे २७,००० भरले, नियमाप्रमाणे ३० एप्रिलला महिन्याची नोटीस दिली आणि मूल ३१ मेपर्यंत आलं. मग जूनचे ९,००० कशाचे? ‘जागा रिकामी राहते, ताईंचा पगार थांबत नाही,’ हे खरंच आहे. पण नवं मूल शोधायलाच तर मे महिना दिला होता. जूनमध्ये प्रतीक्षायादीतलं मूल आलं, तर त्याच गादीचे पैसे दोनदा!

राहिला ठेवणीतला युक्तिवाद: ‘फॉर्मवर सही तुमचीच आहे.’ आहे की. पण १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ करार मोडणाऱ्याकडूनही वाजवी भरपाईच घेऊ देतं. इथे तर करार पाळूनच निरोप घेतलाय. फक्त तो पाळल्याचा पुरावा हवा, म्हणून नोटीस दारात चपला घालताना तोंडी देऊ नये. शेवटचा दिवस, पावती क्रमांक आणि येणं रक्कम ईमेलवर लिहावी, परताव्याची तारीख मागावी. उत्तरादाखल नुसता हात जोडलेला इमोजी आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.